४८ रुपये बरोबर होते, पण प्रश्न वेगळा होता: माझ्या बॅचला लिहिलेलं पत्र



किंमत ठरवण्याचा व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, "सर, तुमच्या टेस्टची उत्तरं मिळतील का?" उत्तरांऐवजी मी हे पत्र देतोय. डहाणू-तलासरीच्या आमच्या रविवारच्या बॅचला ऑनलाइन टेस्टनंतर मी हे लिहिलं होतं. बॅचच्या परवानगीनं इथे टाकतोय. कुणाचं नाव घातलेलं नाही. वाचताना वही-पेन जवळ ठेवा, कारण मधे एक हिशोब आहे आणि तो तुम्हालाही करायचा आहे.

---

प्रिय ताई-दादांनो,

बुधवारी रात्री नऊ वाजता मी तुम्हाला गूगल फॉर्मवर दहा प्रश्नांची टेस्ट पाठवली. चोवीस जणांनी भरली. निकाल बघून मला आधी आनंद झाला आणि मग सातव्या प्रश्नाशी मी अडकलो.

सातवा प्रश्न चिकूच्या चिप्सचा होता. सतरा जणांचं उत्तर ४८. त्यातल्या चौघांनी तर "रु. ४८/- फक्त" असं लिहिलं होतं, म्हणजे स्वल्पविराम-टिंबासकट सारखं. बरोबर उत्तर ५० होतं. ते फक्त चौघांना आलं. उरलेल्या तिघांनी जागा कोरी सोडली.

चुकीचं उत्तर सतरा जणांना सारखं येऊ शकतं, कारण काही चुका सगळ्यांकडून एकाच पद्धतीनं होतात. म्हणून मी लगेच संशय घेतला नाही. पण "रु. ४८/- फक्त" हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. शोधलं तर मागच्या बॅचच्या एका पेपरात सापडलं. त्या पेपराचा फोटो तुमच्या ग्रुपमधून फिरला, हे तुमच्यातल्याच एका ताईनं नंतर मला फोन करून सांगितलं. तिचे आभार.

आता गंमत बघा. मागच्या बॅचला ४८ हेच बरोबर उत्तर होतं. तेव्हाचा प्रश्न होता, "खर्चावर २० टक्के नफा हवा असेल तर पाकीट किती रुपयांना विकाल?" या वेळचा प्रश्न होता, "विक्री किमतीवर २० टक्के नफा हवा असेल तर पाकीट किती रुपयांना विकाल?" खर्चाचे आकडे तेच ठेवले होते. बदलला होता फक्त एक शब्द. उत्तर उचलणाऱ्यानं तो शब्द वाचलाच नाही, कारण उत्तर हातात असलं की प्रश्न कोण वाचतो?

मी रागावलेलो नाही. फॉर्ममध्ये ७ गुण कमी करून गप्प बसणं मला सोपं होतं. पण त्या एका शब्दानं तुमच्यातल्या एकीचे खरे पैसे गेले आहेत. म्हणून आधी तो हिशोब पूर्ण करू.

हिशोब

प्रश्नातले आकडे असे होते. ते समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावात भाव वेगळा असेल.

घोलवड-बोर्डीकडून आणलेले १० किलो चिकू, ४० रुपये किलोनं ४०० रुपये. सोलणं, कापणं, वाळवणीची मजुरी २०० रुपये. ड्रायरचं वीजबिल ६० रुपये. १० किलोतून साधारण २ किलो चिप्स मिळाल्या, म्हणजे १०० ग्रॅमची २० पाकिटं. पाकिटं ४ रुपये दरानं ८० रुपये, लेबल १ रुपया दरानं २० रुपये. रिक्षाभाडं ४० रुपये. एकूण ८०० रुपये. वीस पाकिटांनी भागलं की एका पाकिटाचा खर्च ४० रुपये.

खर्चावर २० टक्के म्हणजे ४० चे २० टक्के ८ रुपये. ४० अधिक ८, ४८. हे मागच्या बॅचचं उत्तर.

विक्री किमतीवर २० टक्के म्हणजे काय? तुम्ही विकलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले २० तुमचे, ८० खर्चाचे. म्हणजे ४० रुपये हा किमतीचा ८० टक्के भाग आहे. मग पूर्ण किंमत काढण्यासाठी ४० ला ०.८० नं भागायचं:

विक्री किंमत = खर्च ÷ (१ − ०.२०) = ४० ÷ ०.८० = ५०

उत्तर तपासायची सोपी रीत: उलट जा. ५० ला विकलं, नफा १०. दहा म्हणजे ५० चा २० टक्के. जमलं. आता ४८ तपासा. नफा ८, आणि ८ म्हणजे ४८ चे साधारण १६.६७ टक्के. नाही जमलं. ही उलटतपासणी करायला अर्धा मिनिट लागतो. ज्यांनी उत्तर उतरवलं त्यांनी ती केली नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. उतरवलेल्या उत्तराला तपासायचं काय असतं?

"सर, दोन रुपयांनी काय होतं?" असं एका दादानं विचारलं. म्हणून पुढचं सांगतो.

दोन रुपयांचं काय होतं

तुमच्यातल्या एका ताईनं टेस्टनंतर आठवडाभरात हायवेवरच्या एका दुकानात चिप्सची ऑर्डर घेतली. दोनशे पाकिटं. तिनं पाकिटावर ४८ रुपये छापले, कारण टेस्टमध्ये ते उत्तर होतं आणि तिला वाटलं सगळ्यांचं तेच आलंय म्हणजे बरोबर असणार. दुकानदारानं सांगितलं, छापील किमतीवर २० टक्के माझे. ती "चालेल" म्हणाली, कारण तिच्या डोक्यात होतं की माझा नफा २० टक्के आहे, तो दुकानदाराला गेला तर फार तर काही मिळणार नाही.

हिशोब करून बघा. ४८ चे २० टक्के ९ रुपये ६० पैसे. तिच्या हातात प्रत्येक पाकिटाचे ३८ रुपये ४० पैसे. खर्च ४०. म्हणजे पाकिटामागे १ रुपया ६० पैसे तोटा. तिचा २० टक्के होता खर्चावर, दुकानदाराचा होता छापील किमतीवर. नाव एकच, आकडा वेगळा. टक्के ऐकलं की पहिला प्रश्न हवा, "कशाचे टक्के?"

पुढे आणखी एक गोष्ट झाली. काही पाकिटांचं सील नीट बसलं नव्हतं. किनाऱ्याजवळच्या हवेत आत ओल शिरली, चिप्स नरम पडल्या आणि वीसात एक या हिशोबानं दहा पाकिटं परत आली. १९० पाकिटांचे ३८.४० रुपयांनी ७,२९६ रुपये मिळाले. दोनशे पाकिटांचा खर्च ८,००० रुपये. तोटा ७०४ रुपये. मला हे दहा दिवसांनी कळलं, कारण तिला कळायलाही वेळ लागला. हातात सात हजारांच्या नोटा आल्या की माणसाला कमाई झाली असंच वाटतं. चिकूवाल्याचे आणि कामाला येणाऱ्या बाईचे पैसे देऊन झाल्यावर डब्यात खडखडाट दिसतो, तेव्हा कळतं.

तिनं स्वतः हिशोब केला असता तर किंमत काय आली असती? वीसात एक पाकीट वाया जाणार हे धरून १९ पाकिटांनी भागा. ८०० ÷ १९ म्हणजे साधारण ४२.११ रुपये. विक्रीवर २० टक्के हवा म्हणून ०.८० नं भागलं की साधारण ५२.६३ हातात यायला हवेत. दुकानदार २० टक्के घेणार म्हणून पुन्हा ०.८० नं भागायचं, साधारण ६५.७९. म्हणजे छापील किंमत ६६ रुपये.

ताई म्हणाली, "सर, ६६ ला कोण घेईल? बाजूच्या टेबलवर ६० ला आहे." हाच तर खरा प्रश्न. हिशोब स्वतः केला असेल तरच आता आकडे हलवता येतात. लहान आकाराचे चिकू ३० रुपये किलोनं मिळाले तर १०० रुपये वाचतात, एकूण खर्च ७००. पुन्हा करा: ७०० ÷ १९ म्हणजे ३६.८४, ÷ ०.८० म्हणजे ४६.०५, ÷ ०.८० म्हणजे ५७.५६. साधारण ५८ छापा, आणि साठाच्या खाली बसलात. किंवा दुकानाला न देता बोर्डीच्या बाजारात स्वतः उभे राहा, मग ५३ लाही परवडतं. ज्याच्याकडे फक्त "४८" आहे त्याला यातलं काही करता येत नाही. ४८ बदलायला जागाच नाही, कारण तो कुठून आला हेच माहीत नाही.

मी स्वतः हेच केलं आहे

तुम्हाला वाटेल सरांना बोलायला काय जातंय. तर ऐका. बीबीएला असताना कॉस्टिंगच्या असाइनमेंट मी मित्राच्या वहीतून उतरवल्या. गुण चांगले मिळाले. मार्जिन आणि मार्कअप हे दोन शब्द मला पाठ होते, पण फरक कळलेला नव्हता, कारण पेपर पास होण्यापुरतं ते पुरलं.

पुढे दुकान काढलं. शाळेच्या दप्तरांची एक खेप ४०० रुपयांनी आणली. त्यावर २५ टक्के लावून ५०० ची चिठ्ठी लावली. हंगाम संपला, साठ दप्तरं उरली. मी बोर्ड लावला, "२५ टक्के सूट". मनात हिशोब असा होता की २५ चढवले, २५ उतरवले, ना नफा ना तोटा. पण ५०० चे २५ टक्के १२५ होतात. दप्तर ३७५ ला गेलं. प्रत्येकी २५ रुपये तोटा, साठ दप्तरांचे १,५०० रुपये. तेही सगळी संपली म्हणून मी खुश होतो. महिन्याच्या शेवटी वडिलांनी वही तपासली तेव्हा उघड झालं. कॉलेजमध्ये दोन गुण वाचवले आणि दुकानात दीड हजार मोजले. म्हणून तुमच्या पेपरात हा प्रश्न मी मुद्दाम घालतो.

टेस्ट कशासाठी असते

आता मुद्द्यावर येतो. टेस्ट ही माझ्यासाठी असते, हे आधी समजून घ्या. तुम्हाला काय येत नाही हे मला कळावं म्हणून. पहिल्या सहा प्रश्नांत तुम्ही बरे गुण घेतलेत, त्यावरून मी ठरवलं की खर्च मांडणं जमलंय. म्हणून पुढच्या रविवारी उजळणी सोडून थेट पुढचा विषय घेतला. अर्धा तास झाला तरी चेहरे कोरे. मग फळ्यावर एक साधा खर्च लिहायला सांगितला आणि दहापैकी सहा जणांनी स्वतःची मजुरी धरलीच नाही. उसन्या उत्तरांनी मला खोटं सांगितलं होतं. डॉक्टरला दुसऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट दाखवल्यासारखं आहे हे. औषध त्याच रिपोर्टवरून मिळणार.

दुसरं कारण तुमच्या डोक्याशी जोडलेलं आहे. उत्तर आठवायची धडपड हीच शिकण्याची क्रिया आहे. हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काही जणांनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. एका आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटं, पुन्हा वाचणारे ४२ टक्के, आठवून लिहिणारे ५६ टक्के. म्हणजे उत्तर वाचून टाकलं की लगेच "आलं" असं वाटतं. ते "आलं" टिकत नाही. आणि तुमचा ग्राहक तुम्हाला पाच मिनिटांनी विचारत नाही, महिन्याभरानं विचारतो.

त्या प्रयोगात नुसतं आठवायचं होतं, हिशोब नव्हता. म्हणून मी असं म्हणत नाही की फक्त आठवून लिहिलं की धंदा शिकता येतो. मी एवढंच म्हणतो, ५० कसे आले हे एकदा स्वतः रखडून काढलं की पुढच्या वेळी हात आपोआप भागाकाराकडे जातो. दुसऱ्याचा ५० उतरवला तर हात पुन्हा गुणाकाराकडे जातो, आणि ४८ येतात.

मदत घेणं आणि उत्तर घेणं

एका दादाचा प्रश्न रास्त होता: "सर, धंद्यात आम्ही सगळे एकमेकांना विचारूनच शिकतो. मग टेस्टमध्येच का नको?" विचारा, जरूर विचारा. फरक काय विचारता यात आहे. "सातव्याचं किती आलं?" असं विचारलं की आकडा मिळतो, आणि तो फक्त त्याच प्रश्नाला लागतो. "तू कशानं भागलंस?" असं विचारलं की रीत मिळते, ती तुमच्या पापडाला, वारली चित्राच्या किचेनला, तलासरीच्या टपरीवरच्या भज्यालाही लागते. ज्याला विचाराल त्यालाही सांगताना अडखळता येतं, आणि अडखळला की त्याला स्वतःची चूक कळते.

आणि भाव शोधायला मोबाइल उघडणं ही कॉपी नाही. चिकूचा आजचा भाव, पाकिटांचा भाव, टेम्पोचं भाडं हे लक्षात ठेवायचं नसतंच, ते रोज बदलतं. लक्षात ठेवायचं एवढंच: कोणत्या आकड्याला कोणत्या आकड्यानं भागायचं आणि का.

आता माझी चूक

तुम्ही कॉपी का केली याचाही मी विचार केला. मी प्रमाणपत्र ८० टक्के गुणांना बांधलं होतं, आणि निकालाची यादी नावांसकट ग्रुपवर टाकत होतो. ज्यांना शाळा सोडून वीस वर्षं झाली, त्यांना सासरच्या लोकांसमोर ३ गुण दिसणं किती कठीण असेल, हे माझ्या लक्षात आलं नाही. शिवाय प्रश्न सगळ्यांना सारखे आणि दरवर्षी तेच. म्हणजे उत्तर विकत घेण्याजोगा माल मीच तयार केला होता. हे बदलतोय.

पुढच्या बुधवारी टेस्ट पुन्हा होईल. ती अशी:

१. प्रश्न एकच, आकडे तुमचे. तुम्ही जे विकता किंवा विकणार आहात, त्याचा खर्च मांडा. चोवीस जणांचे चोवीस वेगळे हिशोब येतील, म्हणून दुसऱ्याचा उतरवायचं म्हटलं तरी तो बसणार नाही.

२. वही, कॅल्क्युलेटर, व्हिडिओ, सगळं उघडं. भाव फोनवर विचारा. पण उत्तराबरोबर वहीच्या पानाचा फोटो टाका, खाडाखोडीसकट. खाडाखोड असेल तर मला जास्त आवडेल.

३. शेवटी उलटतपासणी लिहा: किंमत वजा खर्च, भागिले किंमत. जे टक्के ठरवले होते ते येतात का?

४. गुण ग्रुपवर जाणार नाहीत. चुकलं तर तीन दिवसांनी पुन्हा भरा. प्रमाणपत्र पूर्ण हिशोबाला मिळेल, मग तो कितव्या वेळी जमला याला नाही.

हायवेच्या ऑर्डरवाल्या ताईबद्दल सांगून थांबतो. तिनं हिशोब पुन्हा केला. दुकानदाराशी बोलली. ६६ त्याला जास्त वाटले, म्हणून लहान चिकू, ५८ ची छापील किंमत आणि सील करायच्या यंत्राची आधी तपासणी, असं ठरलं. नवीन ऑर्डर साठ पाकिटांचीच आहे, दोनशेची नाही. ती आता आधी "कशाचे टक्के?" असं विचारते. दुकानदार हसला म्हणे, पण उत्तर दिलं.

रविवारी वही घेऊन या. दप्तरांची माझी जुनी वही मीही आणतो, तोटा कुठे झाला ते तुम्ही शोधून दाखवा.

तुमचा,
सर

---

वाचकांसाठी गृहपाठ: एका वस्तूचा खर्च १२० रुपये आहे, विक्री किमतीवर २५ टक्के नफा हवा आहे, आणि दुकानदार छापील किमतीवर १० टक्के घेतो. छापील किंमत किती? उत्तर मी इथे देणार नाही. स्वतः काढा, मग उलट जाऊन तपासा. आकडा गोल करण्यापूर्वी दोन्ही टक्के तंतोतंत जुळले तर उत्तर बरोबर आहे, मला विचारायची गरज नाही.